बारा हजारांत भिंतीवर अस्सल वारली: मोजमापापासून ड्रिलपर्यंत

ऑनलाइन ‘वारली कॅनव्हास पेंटिंग’ असं शोधलं की दीड-दोन हजारांत चौकटीसकट घरपोच येणारी शेकडो चित्रं दिसतात. त्यातली बहुतेक छापील असतात. छापील वस्तू घेण्यात काही गैर नाही, पण तेवढ्यात आणखी थोडी भर घातली की डहाणू-जव्हारकडच्या माणसाने हाताने काढलेलं, जगात दुसरं नसलेलं चित्र घरी येऊ शकतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं ते चित्र नीट निवडतात आणि मग फ्रेमवाल्याकडे त्याचं वाटोळं करून घेतात. म्हणून या लेखात एकच उदाहरण धरून शेवटपर्यंत जातो: सहा फुटी सोफ्यामागची भिंत, एकूण बजेट १२,००० रुपये, आणि वारली चित्र. चित्रकथी, गंजिफा नावाची हाताने रंगवलेली खेळायची पानं किंवा कला विद्यार्थ्यांनी ठशांवरून काढलेली मुद्राचित्रं घ्यायची असली तरी बराचसा हिशेब हाच राहतो. त्यांच्याविषयी वेगळं सांगण्यासारखं शेवटाकडे आहे.

आधी भिंत बघा, चित्र नंतर

प्रदर्शनात चित्र नेहमी घरातल्यापेक्षा लहान वाटतं, कारण तिथलं छत उंच असतं आणि आजूबाजूला मोठी चित्रं असतात. त्यामुळे माप घरीच ठरवून, कागदावर लिहून न्यायचं. सोफा ७२ इंच रुंद असेल तर त्यामागचं चित्र फ्रेमसकट साधारण ४० ते ४८ इंच रुंद हवं, म्हणजे सोफ्याच्या अर्ध्याहून जास्त आणि दोन तृतीयांशाच्या आसपास. त्याहून लहान चित्र एकटंच लटकल्यासारखं दिसतं. वर्तमानपत्रं चिकटवून तेवढा आयत तयार करा, भिंतीवर मास्किंग टेपने लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. येता-जाता तो डोळ्याला खुपतोय की कमी पडतोय, हे आपोआप कळतं.

उंची ठरवताना बहुतेक घरांत चित्र फार वर जातं. मोकळ्या भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर असावा. सोफ्यामागे मात्र फ्रेमची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून सहा ते आठ इंचांवर ठेवायची. पाठ ३२ इंच उंच, त्यावर आठ इंच जागा आणि फ्रेम ३० इंच उंच असेल तर मध्य ५५ इंचांवर येतो. हे दिसायला ठीक असतं, कारण त्या खोलीत लोक बसलेले असतात.

आता महत्त्वाचं: ती भिंत कोरडी आहे का? मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे हा प्रश्न रंगसंगतीच्या आधी यायला हवा. बाथरूमला लागून असलेली किंवा पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंत चित्रासाठी वाईट. शंका असेल तर फूटभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीवर पक्का बंद करा आणि दोन दिवसांनी पाहा. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला दव जमलं असेल तर भिंत ओल सोडते आहे. बाहेरच्या बाजूला जमलं असेल तर ती खोलीच्या हवेतली वाफ आहे. पहिल्या स्थितीत त्या भिंतीवर कागद-कापडाचं काहीही लावू नका, मग ते कितीही आवडलेलं असो. चाचणी पावसाळ्यात केली तरच खरी. मार्चमध्ये प्रत्येक भिंत कोरडीच असते.

थेट ऊन पडणारी भिंतही टाळावी. गेरूसारखा मातीचा रंग आणि पांढरा उन्हाला बऱ्यापैकी टिकतात, पण खालचं कापड आणि कागद पिवळा पडून ठिसूळ होतो.

बजेटची वाटणी

बारा हजारांतले सगळे चित्रावर घालवायचे नाहीत. फ्रेम, काच आणि लावणावळ याला मोठ्या चित्रात सहज तिसरा हिस्सा लागतो. आधी चित्र घेऊन मग ‘फ्रेम एवढी महाग?’ म्हणत स्वस्तातली करून घेणं, हेच चित्र लवकर खराब होण्याचं सगळ्यात मोठं कारण. आपल्या उदाहरणात चित्राला साधारण ६,५००, फ्रेमला ४,५०० आणि उरलेले हजार येण्या-जाण्याला व ड्रिल मारणाऱ्याला, अशी वाटणी धरू. फ्रेमचा हिशेब पुढे मांडतो.

हाताचं की छापलेलं

वारलीच्या बाबतीत ही परीक्षा इतर चित्रशैलींपेक्षा सोपी आहे, कारण इथे गडद जमिनीवर, म्हणजे चित्राच्या पार्श्वभूमीवर, पांढरा रंग चढवलेला असतो. कागदावर छापलेल्या वारलीत उलटं घडतं: यंत्र तपकिरी रंग छापतं आणि पांढऱ्या रेषेच्या जागी कागद कोरा सोडतं. म्हणून चित्र खिडकीशी नेऊन उजेड बाजूने, तिरपा पडेल असं धरा. हाताच्या कामात पांढऱ्या रेषा जमिनीवर किंचित उठलेल्या दिसतात. छापील कामात रेषा आणि जमीन एकाच पातळीवर असतात. फोनचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन फोटो काढा आणि मोठा करा. तपकिरी भागात निळे, गुलाबी, पिवळे बारीक ठिपके दिसले तर प्रश्न मिटला.

स्क्रीन प्रिंट ओळखणं थोडं अवघड. त्यातही पांढरी शाई कापडावर चढलेली असते. तिथे रेषेच्या जाडीकडे पाहायचं. वारली चित्रकार पूर्वी बांबूची काडी टोकाला चावून, तिचे तंतू मोकळे करून तिची कुंचली करत. आजही काही जण काडी वापरतात, बाकीचे बारीक ब्रश. कशानेही काढा, रंगात बुडवून टेकवलेली रेषा सुरुवातीला जाड आणि दाट, पुढे सरकताना पातळ, आणि संपत आली की तिच्यातून खालचा गेरू दिसायला लागतो. मग पुन्हा रंग घेतलेला कळतो. स्क्रीन प्रिंटमध्ये हा श्वास नसतो, सगळीकडे शाई एकसारखी बसते. आणखी एक खात्रीची खूण म्हणजे नाचणाऱ्यांच्या रांगेतल्या कोणत्याही दोन माणसांची तुलना. हाताने काढलेली दोन माणसं कधीही तंतोतंत सारखी नसतात. एकाचा गुडघा जास्त वाकलेला असतो, दुसरीचा अंबाडा जरा मोठा.

मधला एक प्रकारही बाजारात आहे. बाह्यरेषा छापायच्या आणि आत हाताने रंग भरायचा. विक्रेता ‘हँडपेंटेड’ म्हणतो आणि ते अगदी खोटंही नसतं. म्हणून ‘हाताने रंगवलंय का’ असं न विचारता ‘रेखाटन कुणी केलं, छापून घेतलंय का’ असं विचारावं.

जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनावर मात्र पूर्ण विसंबू नका. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये ते मिळालं, आणि त्याचा अर्थ कलेची ओळख त्या भागाशी आणि समाजाशी बांधली गेली असा. समोरचं विशिष्ट चित्र हाताचं आहे याची तपासणी त्याने आपोआप होत नाही.

चांगलं वारली कसं ओळखावं

हाताचं असलं म्हणजे चांगलं असतं असं नाही. हॉटेलांच्या भिंती आणि कुशन कव्हरं यांच्यामुळे वारलीची एक घिसीपिटी आवृत्ती तयार झाली आहे: मध्ये गोल नाच, एक झाड, एक झोपडी, कडेला त्रिकोणांची नक्षी. ती कुणीही दोन आठवड्यांच्या वर्गात शिकू शकतं. खरी मजा त्या पलीकडे आहे.

मुळात ही भिंतीवरची, लग्नातली चित्रं. सवाशिणी घरात तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहीत. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते आणि तो पुरा झाल्याशिवाय लग्न पुढे जात नाही. लग्नविधी चालवणाऱ्या बाईला धवलेरी म्हणतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद आणि रंग नेले आणि चित्र भिंतीवरून सुटं झालं. मग पुरुषही चित्रं काढू लागले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रांत मासेमारीचं जाळं हा विषय वारंवार येतो आणि तिथे हजारो बारीक रेषांनी अख्खा कागद हलतोय असा भास होतो. त्यांचं चित्र आपल्या बजेटमध्ये बसणार नाही, पण एखाद्या संग्रहालयात किंवा छापील प्रतीत ते एकदा नीट पाहून ठेवा. नजर तयार व्हायला तेवढंही पुरतं.

मग प्रदर्शनात चित्रासमोर उभं राहून तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, माणसं काम करतायत का. दोन त्रिकोण टोकाला जोडून काढलेलं शरीर कुठे वळतं, ओझं उचलताना कमरेत किती झुकतं, यावर सगळा जीव असतो. उखळात कांडणाऱ्या बाईच्या हातात जोर दिसला पाहिजे. सगळी माणसं नुसती सरळ उभी, हात वर केलेली असतील तर ती नक्षी झाली. दुसरी गोष्ट, चित्राला क्षितिज नसूनही जागा कळते का. चांगला चित्रकार शेत, ओढा, जंगल, वस्ती एकाच पानावर पसरतो आणि तरी नजर कुठे अडखळत नाही, कारण दाट भाग आणि मोकळी जमीन यांचा तोल त्याने साधलेला असतो. तिसरी गोष्ट झाडं. पानं एकेक करून, वाऱ्याची दिशा धरून काढलेली असतात की सरसकट ठिपके मारलेत, यावरून माणसाने किती वेळ दिलाय हे लगेच समजतं.

माझं मत विचाराल तर पहिलं चित्र घेताना तारपा नाच, म्हणजे तारपा या वाद्याच्या तालावरचा तो गोल नाच, टाळावा. तो वाईट असतो म्हणून नव्हे. सगळ्यात जास्त विकला जाणारा विषय असल्याने तो यंत्रवत काढायची सवय लागलेली असते. भातलावणी, मासेमारी, मध काढणं, बाजाराचा दिवस, गावातून जाणारी रेल्वे असा विषय निवडा. चित्रकाराला तिथे विचार करावा लागतो.

रंग, जमीन आणि कापड

चित्रकाराशी बोलताना दोन प्रश्न विचारायचे: पांढरा कशाचा आहे आणि जमीन कशाची आहे.

पूर्वीचा पांढरा तांदळाच्या पिठाचा, डिंकात कालवलेला. भिंतीवर तो एका समारंभापुरता असे, टिकावा अशी अपेक्षाच नव्हती. सुट्या कापडावर तो गुंडाळताना सुटतो आणि पिठामुळे कसर लागते. म्हणून आज बहुतेक जण पोस्टर रंग किंवा ॲक्रिलिक वापरतात. ‘पारंपरिक हवं’ म्हणून पिठाचाच हट्ट धरणाऱ्या खरेदीदारांचं मला नवल वाटतं. पोस्टर रंग मॅट आणि सुंदर दिसतो, पण पाण्याचा थेंब पडला की ओघळतो, म्हणून त्याला काच हवीच. ॲक्रिलिक पाण्याला दाद देत नाही आणि किंचित जास्त चमकतो. घरात लहान मुलं असतील किंवा चित्र जेवणाच्या टेबलाजवळ जाणार असेल तर ॲक्रिलिक घ्या.

जमीन तीन प्रकारची दिसते: गेरूची लाल-तपकिरी, शेणाने सारवलेली हिरवट-तपकिरी आणि काळी. शेणाची जमीन गोंदात नीट मिसळून लावली असेल तर वास येत नाही. नाकाशी धरून खुशाल पाहा. कापड हलकेच वाकवल्यावर जमिनीच्या भेगा पडत असतील किंवा बोटावर भुकटी येत असेल तर थर जास्त जाड बसला आहे, आणि ते चित्र गुंडाळून न्यायचं नाही. कुठलंही कापडी चित्र गुंडाळताना रंगवलेली बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर सैल गुंडाळायचं. रंग आत ठेवून घट्ट वळी केली तर तो चिरडून सुटतो.

कापडावरचं चित्र सांगून करून घेत असाल तर एक मागणी आवर्जून करा: चारही बाजूंनी दोन इंच कापड कोरं सोडायचं. ते का, हे फ्रेमच्या भागात येईल.

कुठे आणि कसं घ्यावं

सगळ्यात चांगलं म्हणजे चित्रकाराकडूनच. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या पालघर जिल्ह्यातल्या तालुक्यांत अनेक कुटुंबं चित्रं काढतात आणि मुंबईहून डहाणू रोडपर्यंत लोकल जाते. न कळवता जाऊ नका. आधी फोन करा, कारण हीच माणसं शेतीही करतात. जून-जुलैत लावणी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, त्या दिवसांत चित्र मागायला जाणं म्हणजे दोघांचीही अडचण. सांगून काम करून घ्यायचं असेल तर दोन महिने हाताशी ठेवा आणि काही रक्कम आगाऊ द्या.

जाणं जमत नसेल तर प्रदर्शनं आहेत. मुंबईत काळा घोडा महोत्सव, पुण्यात डिसेंबरातली भीमथडी जत्रा, महालक्ष्मी सरस, शिवाय ट्राइब्स इंडियाची दुकानं. प्रदर्शनात पहिल्या दिवशी निवड जास्त असते आणि शेवटच्या दिवशी भाव उतरतो. मी पहिल्या दिवशी जाण्याच्या बाजूने आहे.

किमतीविषयी थेट बोलावं, पण घासाघीस करण्याआधी एक हिशेब मनात करा. २४ बाय ३६ इंचांचं दाट चित्र करायला किती दिवस लागले, असं विचारा. समजा आठ दिवस आणि किंमत ६,५०० सांगितली. कापड, रंग, प्रवास, स्टॉलचा खर्च असे ९०० वजा केले तर ५,६०० उरतात, म्हणजे दिवसाला ७००. आठ दिवस मान मोडून बसणाऱ्या कारागिराची ही मजुरी तुम्हाला जास्त वाटते का, हे तुमचं तुम्ही ठरवा. उलट याच मापाचं विरळ, दीड दिवसात झालेलं चित्र ६,००० ला सांगत असतील तर भाव करायला हरकत नाही. वारलीत किंमत मापावरून कमी आणि दाटपणावरून जास्त ठरते. बजेट कमी पडत असेल तर मोठं विरळ चित्र घेण्यापेक्षा लहान दाट चित्र घ्यावं आणि भिंत दुसरी निवडावी.

पैसे देताना चित्रामागे पेन्सिलीने चित्रकाराचं नाव, गाव, वर्ष आणि विषय त्यांच्याच हातून लिहून घ्या. पुढे सही असली तरी हे करा, कारण बऱ्याच घरांत एकच आडनाव सहीत असतं आणि चित्र मुलीने किंवा सुनेने काढलेलं असतं. कुणी काढलं ते विचारलं की बहुतेक वेळा मोकळेपणाने सांगतात. तयार चित्र विकत घेतलं म्हणून ते छापायचा हक्क मिळत नाही. लग्नपत्रिकेवर किंवा दिवाळीच्या भेटकार्डावर वापरायचं असेल तर चित्रकाराची परवानगी आणि मोबदला वेगळा ठरवायचा.

फ्रेमवाल्याकडे

इथे घाई करू नका. गल्लीतले बहुतेक फ्रेमवाले देवांचे फोटो आणि पदवी प्रमाणपत्रं करतात. चित्र हार्डबोर्डवर फेविकॉलने चिकटवायचं, वर काच टेकवायची आणि खिळे ठोकायचे, ही त्यांची नेहमीची पद्धत. प्रमाणपत्राला ती चालते. चित्राला मात्र ती दोन प्रकारे मारते. चिकटवलेलं कापड पुन्हा सुटत नाही आणि पावसाळ्यात बोर्ड फुगला की त्याच्याबरोबर ताणलं जातं. आणि काच रंगाला टेकलेली असली की दमट हवेत रंग काचेला चिकटतो. पुढे काच उचलली की चित्राचा तुकडा तिच्याबरोबर येतो.

म्हणून मागणी स्पष्ट हवी: चित्राला गोंद नाही, दुहेरी टेप नाही, लॅमिनेशन नाही, आणि काच व चित्र यांत अंतर हवं. अंतर माउंटबोर्डने येतं. चित्राभोवती खिडकीसारखा कापलेला हा जाड पुठ्ठा काचेला आधार देतो. तो ॲसिड-फ्री मागायचा. साध्या पुठ्ठ्यातलं आम्ल काही वर्षांत चित्राच्या कडेवर तपकिरी रेघ उमटवतं. कापलेल्या कडेकडे पाहा. साध्या बोर्डची कड जुनी झाली की पिवळी दिसते, दुकानातल्या जुन्या फ्रेमवर हे सहज बघायला मिळतं.

मापाचा एक बारकावा खिसा वाचवतो. माउंटबोर्डचा पत्रा साधारणपणे ३२ बाय ४० इंचांचा मिळतो. आपलं चित्र २४ बाय ३६. चारही बाजूंना अडीच इंच माउंट धरला तर २९ बाय ४१ होतं आणि एका इंचासाठी पत्रा पुरत नाही. मग जोड द्यावा लागतो किंवा मोठा पत्रा मागवावा लागतो. माउंट दोन इंचांचा केला की २८ बाय ४० होतं आणि एका पत्र्यात बसतं. इंचाची पट्टी आली की फ्रेम बाहेरून सुमारे ३० बाय ४२ इंच होते. सोफ्याच्या ७२ इंचांना ते शोभतं.

खर्च असा येतो. दर शहरागणिक वेगळे असतात, म्हणून आकड्यांपेक्षा रीत लक्षात ठेवा. बाहेरून परीघ १४४ इंच, म्हणजे १२ फूट. कोपरे कापताना वाया जाणारी लांबी धरून १३ फूट पट्टी. फुटाला १६० रुपये सांगितले तर २,०८०. काच २८ बाय ४० इंच म्हणजे ७.८ चौरस फूट, ती आठ धरून ९० रुपयांनी ७२०. माउंटबोर्ड आणि मागचा बोर्ड १,३००, मजुरी आणि हूक ४००. बेरीज ४,५००. फ्रेमवाला एकच ठोक आकडा सांगत असेल तर हे चार तुकडे वेगळे करून मागा. स्वस्त करायचं असेल तर पट्टी साधी निवडा. कोरीव सोनेरी पट्टी वारलीला शोभतही नाही, सरळ काळी किंवा सागाच्या रंगाची अर्धा-पाऊण इंची पट्टी पुरे. माउंटबोर्डात काटकसर मात्र करू नका.

आता त्या कोऱ्या दोन इंच कापडाचं काम. चित्र मागच्या ॲसिड-फ्री बोर्डवर ठेवून वरच्या कोऱ्या पट्टीत सुती दोऱ्याचे सात-आठ टाके घालायचे, बोर्डमधून आरपार. फक्त वरच्या कडेला. खालची बाजू मोकळी राहिली की कापड दमट-कोरड्या हवेत सैल-ताठ होऊ शकतं. पुढची खिडकी टाके झाकते. फ्रेमवाल्याला हे विचित्र वाटेल, म्हणून टाके घरीच घालून बोर्डसकट चित्र त्याच्याकडे न्यावं. चित्र कागदावर असेल तर टाक्यांऐवजी पातळ हातकागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने वरच्या कडेला मागून लावायच्या. सेलोटेप कधीच नाही. ती पिवळी पडून सुटते आणि डाग मागे ठेवते.

शेवटी मागची बाजू सगळीकडून कागदी टेपने बंद करून घ्या, म्हणजे कसर आणि धूळ आत शिरत नाही. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे किंवा बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांत सेंटीमीटरभर हवा खेळते.

लावताना

२ मिमी काच, बोर्ड आणि लाकूड मिळून ही फ्रेम सहा-सात किलोच्या आसपास जाते. चिकटवायचे हूक यासाठी नाहीत. नव्या इमारतींत भिंती काँक्रीटच्या असतात, ज्याला बिल्डर मिव्हान म्हणतात. तिथे खिळा वाकतो, भिंतीचा टवका उडतो. हॅमर ड्रिलने ६ मिमीचं भोक, प्लग आणि स्क्रू हाच मार्ग. ब्लॉकची हलकी भिंत असेल तर उलट अडचण: भोक सहज पडतं पण साधा प्लग सैल होतो. तिथे लांब प्लग मागा. दोन हूक, साधारण २० इंचांच्या अंतराने. एका हुकावर मोठी फ्रेम दार आपटलं तरी तिरकी होते. विजेच्या बोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, वायर बहुधा तिथूनच गेलेली असते.

वारली नको असेल तर

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवून, गाऊन सांगायची ही परंपरा. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. नवी चित्रं मिळतात, आणि त्यात चेहऱ्यांचे मोठे डोळे, दाट रेषा आणि एका पानात भरलेला प्रसंग पाहायचा. त्याच गावातल्या चामड्याच्या बाहुल्या भिंतीवर मोहक दिसतात, पण दमट घरात चामड्याला बुरशी फार लवकर धरते. कोकणात राहत असाल तर बाहुलीऐवजी चित्र घ्या.

सावंतवाडीच्या गंजिफा लहान भिंतीसाठी उत्तम. दशावतारी संचात १० अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० गोल पानं असतात, हाताने रंगवलेली. पूर्ण संच महाग, पण सुटी पानं किंवा मोजक्या पानांची चौकट घेता येते. पानं जाड आणि लाखेने चकचकीत असल्याने त्यांना खोल पेटीसारखी फ्रेम हवी, काच पानाला टेकता कामा नये.

आणि कमी पैशांत समकालीन काही हवं असेल तर कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं पाहा. मुंबईचं १८५७ मध्ये सुरू झालेलं सर ज. जी. कला महाविद्यालय त्यातलं सगळ्यात परिचित. मुद्राचित्रण विभागात थांबा. लिनोकट, वुडकट, एचिंग यांच्या अनेक प्रती निघतात, म्हणून त्या रंगचित्रांपेक्षा स्वस्त पडतात आणि तरीही मूळच असतात, कारण प्रत्येक प्रत कलाकाराने स्वतः कोरलेल्या ठशावरून काढलेली असते. खाली पेन्सिलीने ७/२५ असं लिहिलेलं असेल तर एकूण २५ प्रतींतली ती सातवी. एचिंगच्या कडेला प्लेट दाबल्याचा खोलगट आयत बोटाला लागला पाहिजे. सही आणि क्रमांक आहेत, पण दाब नाही आणि जवळून रंगीत ठिपके दिसतात, असं असेल तर ती संगणकावरून काढलेली प्रत आहे. तिची किंमत त्या मानाने द्या.

पहिला पावसाळा

चित्र लावल्यावरच्या पहिल्या जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांतून एकदा बॅटरी तिरपी धरून काचेतून आत पाहा. काचेच्या आतल्या बाजूला धुकं किंवा माउंटवर बारीक पांढुरके ठिपके दिसले तर फ्रेम लगेच उतरवा, मागची टेप कापून, पंख्याखाली, सावलीत दोन-तीन दिवस उघडी ठेवा. उन्हात नाही. कोरडी बुरशी मऊ ब्रशने माउंटवरून झटकता येते, घराबाहेर आणि तोंडाला मास्क लावून. रंगाच्या भागावर असेल तर ब्रश लावू नका. चित्रकाराला किंवा जतन करणाऱ्या जाणकाराला फोटो पाठवून विचारा. त्यानंतर ती जागा बदला, कारण पुढच्या वर्षीही तिथे हेच होणार. काच पुसताना पाणी किंवा स्प्रे काचेवर मारायचा नाही, तो कडेने आत झिरपतो. फडक्यावर घेऊन पुसायचं.